दुकानाच्या सीसीटीव्हीचा खर्च: कॅमेरा हा त्यातला चौथा हिस्सा

प्रश्न: सर, तालुक्याच्या गावी माझं किराणा-भुसारचं दुकान आहे. १८ बाय ४० फूट, आणि मागं लागूनच १८ बाय २० चं गोदाम. एकानं चार कॅमेऱ्यांचं पॅकेज फिटिंगसह १४,५०० ला सांगितलं, दुसऱ्यानं सहा कॅमेऱ्यांचे जीएसटीसकट ४३,००० काढले. एवढा फरक कशाचा? केबल, हार्ड डिस्क सगळं धरून खरा खर्च किती यावा, आणि दर वर्षी मेंटेनन्सला किती धरावं?

उत्तर:

सोलापूर जिल्ह्यात मी सोळा वर्षं हेच काम करतो, आणि त्यातली निम्मी दुकानं किराणा-भुसारचीच आहेत. खाली जे भाव देतोय ते मी सध्या लावतो ते. तुमच्याकडं शे-दोनशेनं मागंपुढं होतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

दोघांच्याही कागदावर पहिली ओळ कॅमेऱ्यांची असेल आणि तुमची नजर तिथंच अडकली असेल. तशा दुकानात कॅमेऱ्यांचा वाटा एकूण खर्चाच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो. फरक पडतो तो उरलेल्या तीन हिश्श्यांत, आणि स्वस्त कोटेशनमध्ये काटछाट होते ती तिथंच, कारण केबल पट्टीत झाकली जाते आणि हार्ड डिस्क डब्यात.

सुरुवात कॅमेऱ्यांच्या संख्येपासून करू नका. कुठल्या जागी नेमकं काय दिसायला हवं ते आधी ठरवा. तुमच्या दुकानात मला सहा जागा दिसतात: शटरच्या बाहेर, आत येणाऱ्याचा चेहरा, गल्ला, मालाच्या दोन ओळी आणि गोदाम. चार कॅमेऱ्यांत यातलं काय सुटतं ते स्वस्तवाल्याला विचारा. बहुतेक वेळा गोदाम सुटतं, आणि भुसारच्या दुकानात माल हलतो तो गोदामातूनच.

यातली दाराची जागा सगळ्यांत अवघड. दार दिवसभर उघडं, बाहेर ऊन, आत सावली. साधा कॅमेरा दाराकडं तोंड करून लावला की येणारा माणूस काळ्या बाहुलीसारखा दिसतो. चेहरा नाहीच. तिथं खरा डब्ल्यूडीआर असलेला, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा फरक सांभाळणारा कॅमेरा लागतो. तो आठ-नऊशे रुपयांनी महाग पडतो, पण तो एकच घ्यायचा आहे. पत्रकावर ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ असं लिहिलेलं असेल तर तो हा नव्हे; १२० डीबी असा आकडा बघून घ्या.

दुसरी गोष्ट लेन्सची. पॅकेजमध्ये सगळे कॅमेरे २.८ मिलिमीटर लेन्सचे देतात, कारण त्यात दुकान मोठं दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण जितकं जास्त मावतं तितका चेहरा बारीक होतो. अनोळखी माणूस ओळखू यायचा तर चित्रात त्या जागी एका मीटरला साधारण २५० पिक्सेल तरी पडावे लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. साडेतीन मीटरवर २.८ ची लेन्स साडेआठ-नऊ मीटर रुंदी दाखवते, म्हणजे मीटरला सव्वादोनशेच्या आत. त्याच जागी ३.६ ची लेन्स सहा मीटरच्या आसपास दाखवते, म्हणजे तीनशेच्या वर. भाव दोन्हींचा सारखाच. म्हणून दार आणि गल्ला ३.६, बाकीच्या जागा २.८. फक्त ऑर्डर देताना तसं सांगावं लागतं. नंतर बदलून मागितलं तर कोणी परत घेत नाही.

आता केबल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडं ‘दुसऱ्यानं बसवलेलं बिघडलंय, बघून जा’ असे जे फोन येतात त्यातले बरेच इथंच येऊन थांबतात.

आधी लांबी. पुष्कळ जण ‘कॅमेऱ्यामागं पंधरा मीटर’ असा ठोकताळा लावतात. तसं करू नका, टेप घेऊन वाटेनं मोजा. डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, तो कुठं ठेवायचा यावर सगळं ठरतं. गल्ल्याखाली ठेवला तर केबल वाचते, पण चोर जाताना तोच उचलून नेतो. मी तो गोदामाच्या पोटमाळ्यावर, कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवतो. तिथून दुकानाचं तोंड १८ मीटर. त्यात भिंतीवर चढणं-उतरणं आणि दोन्ही टोकांना मिळून दोनेक मीटर सैल तार धरली की बाहेरच्या कॅमेऱ्याला २७ मीटर लागते, दाराला २३, गल्ल्याला २१, मधल्या ओळीला १६, मागच्या ओळीला १२ आणि गोदामाला ९. बेरीज १०८. वर दहा टक्के वाया जाणारी धरून १२० मीटर. बंडल येतं ९० मीटरचं, म्हणजे दोन बंडलं फुटणार. पण बिल वापरलेल्या मीटरचंच लागलं पाहिजे, हे आधी बोलून ठेवा. १४,५०० वाल्याच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘केबल ६० मीटरपर्यंत, पुढं प्रत्यक्ष मोजमापानं’ असं काही आहे का बघा. असलं तर काम संपल्यावर तिथून दोन-तीन हजार वाढतात.

लांबीपेक्षा महत्त्वाची तारेची जात. अशा कॅमेऱ्यांना जी थ्री-प्लस-वन केबल लागते तिच्यात एक तार चित्राची आणि तीन बारीक तारा विजेच्या वगैरे. बाजारात ती दोन प्रकारची मिळते. एक अस्सल तांब्याची, मीटरला २४ रुपयांच्या आसपास. दुसरी अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, ११-१२ रुपयांना. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायचं सोपं आहे: तारेचं टोक सोलून ब्लेडनं खरवडा. आतून चंदेरी निघाली तर मुलामा. बंडल हातात घेतल्यावरही हलकं लागतं, आणि तार तीन-चार वेळा वाकवली की तुटते.

हिशोब असा. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर ओढतो. बाहेरच्या कॅमेऱ्यापर्यंत वीज जाऊन परत यायची, म्हणजे ५४ मीटर तार. पाव चौरस मिलिमीटरच्या जरा आतली तांब्याची तार असेल तर वाटेत पावणेदोन व्होल्ट पडतात आणि कॅमेऱ्याला सव्वादहा मिळतात. चालतं. तीच जाडी मुलाम्याच्या तारेत पावणेतीन व्होल्ट खाते. आणि स्वस्त केबलमध्ये जाडीही मारलेली असते, मग चार-सव्वाचार व्होल्ट जातात, टोकाला पावणेआठ उरतात. बरेचसे कॅमेरे नऊच्या खाली गेले की तग धरत नाहीत.

याची खूण ठरलेली आहे: दिवसा चित्र झकास आणि संध्याकाळी सात वाजता कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. दिवे लागले की व्होल्टेज पडतं, कॅमेरा मरतो. मेला की ओझं जातं, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा उठतो. उठला की पुन्हा दिवे. फिटिंगवाला दुपारी काम दाखवून, पैसे घेऊन गेलेला असतो. रात्रीचा फोन आल्यावर तो ‘कॅमेरा खराब’ म्हणून नवा लावतो, तोही तसाच वागतो. म्हणून काम ताब्यात घेताना भर दुपारीच प्रत्येक कॅमेऱ्याचं तोंड काळ्या कापडानं पूर्ण झाकायला लावा. दिवे लागतील. तशा चालू अवस्थेत कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजून घ्या. साडेनऊच्या वर असलं तर पैसे द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ज्यानं चांगली तार टाकलीय त्याला याचा राग येत नाही.

केबलला मध्ये कुठं जोड असता कामा नये, आणि पंखे-ट्यूबच्या वायरीच्या पट्टीतून ती ओढू देऊ नका. चित्रावर आडव्या रेघा सरकत राहतात. गोदामात मात्र पट्टी न वापरता जाड पीव्हीसी पाइप घाला. पोत्यांच्या मागं उंदीर असतातच, आणि पट्टीची फट त्यांना पुरते. एका गिऱ्हाइकाकडं वर्षात तीनदा तीच केबल बदलल्यावर मला ही अक्कल आली.

आता हार्ड डिस्क, म्हणजे रेकॉर्डिंग किती दिवस मागं बघता येईल हा प्रश्न. सूत्र एकच पाठ करा: कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, सेकंदाला १५ चित्रं आणि एच.२६५ पद्धतीनं दाबलेलं रेकॉर्डिंग असेल तर सरासरी १.२ मेगाबिट धरा. म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला १३ जीबी, सहांना ७८. दोन टीबीची डिस्क स्क्रीनवर १,८६३ जीबीच दाखवते (कंपन्या हजारानं मोजतात, मशीन १०२४ नं), म्हणून ती २४ दिवस पुरते. पुढं जुनं पुसून नवं चढतं.

किराणा दुकानाला २४ दिवस कमी पडतात. रात्रीची चोरी सकाळी कळते, पण आतली गळती महिन्याचा स्टॉक मोजताना कळते. त्या वेळी मागचा महिना डिस्कवर असला तरच उपयोग. चार टीबीची डिस्क घेणं हा एक मार्ग, साडेतीन-चार हजार जास्त. दुसरा फुकटातला: दुकान रात्री दहा तास बंद असतं, तेवढ्या वेळात आतले पाच कॅमेरे हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतील असं वेळापत्रक लावायचं. त्यानं दिवसाचे २७ जीबी वाचतात, खर्च ५१ वर येतो आणि तीच दोन टीबी ३६ दिवस जाते. बाहेरचा कॅमेरा मात्र चोवीस तास चालू ठेवा, आणि आतल्यांना हालचालीच्या आधीची दहा सेकंदं धरायला सांगा, नाहीतर शटर वाकवतानाचा क्षण निसटतो. यात एक मेख आहे. लेन्ससमोर कोळ्यानं जाळं विणलं तर रात्री दिव्याच्या उजेडात ते पांढरं चमकतं, हलतं, आणि मशीनला वाटतं हालचाल आहे. मग सगळी रात्र रेकॉर्ड होते आणि ३६ चे पुन्हा २४ दिवस होतात. मागचे दिवस अचानक कमी दिसायला लागले तर आधी झाडू घ्या.

आता १४,५०० वाल्या पॅकेजमध्ये डिस्क कुठली ते विचारा. बहुधा ५०० जीबी. चार कॅमेऱ्यांना ती नऊ दिवस पुरते, आणि डीव्हीआर जुन्या एच.२६४ चा असेल तर चार-पाचच दिवस. शिवाय ती जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली असण्याची शक्यता असते. कॉम्प्युटरची डिस्क दिवसाचे आठ तास आणि थांबून थांबून काम करायला बनवलेली. इथं ती रात्रंदिवस लिहिते. वर्ष-दीड वर्षात आवाज करायला लागते. सर्व्हेलन्सची म्हणून वेगळी डिस्क येते तीच घ्या, सीलबंद, आणि तिचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटी त्या नंबरवर मिळते.

तर तुमच्या दुकानाचा माझा कागद असा निघेल:

- साधे २ मेगापिक्सेल कॅमेरे ५, प्रत्येकी १,३०० प्रमाणे ६,५००. दाराचा डब्ल्यूडीआर कॅमेरा २,२००
- आठ चॅनलचा डीव्हीआर, एच.२६५ चा: ४,२००
- २ टीबी सर्व्हेलन्स डिस्क: ७,५०० (हा भाव महिन्या-महिन्याला हलतो)
- कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, लोखंडी पेटीतला: १,१००
- तांब्याची केबल १२० मीटर: २,८८०
- पट्टी, पाइप, कॅमेऱ्यामागचे डबे, केबलच्या टोकांचे बीएनसी आणि पिना: २,१५०
- डीव्हीआरची कुलपाची पेटी: १,३००
- ६०० व्हीएचा यूपीएस: २,८००
- मजुरी, कॅमेऱ्यामागं ६०० आणि ४५ मीटर पट्टीचे मीटरला २०: ४,५००

बेरीज ३५,१३०. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,३२३, म्हणजे ४१,४५३. कॅमेऱ्यांचे ८,७०० म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. मॉनिटर मी धरलेला नाही. घरातला जुना एचडीएमआयचा टीव्ही चालतो, आणि एरवी सगळे मोबाइलवरच बघतात. जीएसटीत नेहमीच्या पद्धतीनं नोंदणी असेल तर ते सहा हजार तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळतील. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळणार नाहीत, तो खर्चच धरा.

म्हणजे तुमचा ४३,००० वाला चढा नाही. त्याच्याकडून फक्त केबलची जात, डिस्कची जात आणि यूपीएस आहे का हे लिहून घ्या. १४,५०० वाला लबाड आहे असंही मी म्हणत नाही. पानटपरी किंवा दहा बाय दहाच्या मोबाइल शॉपीला त्याचं पॅकेज पुरतं, केबल आठ-दहा मीटरच्या वर जात नाही आणि तिथं मुलाम्याची तारही निभावून नेते. तुमचं दुकान त्या मापाचं नाही.

सुरुवातीला चारच कॅमेरे लावून चार चॅनलचा डीव्हीआर का घेऊ नये, असं कोणी म्हणेल. फरक हजार-बाराशेचा असतो, आणि पाचवा कॅमेरा लावायची वेळ आली की चार चॅनलचा पूर्ण डीव्हीआर बदलावा लागतो. आयपी कॅमेरे घ्यावेत का, हेही विचारतात. दोन मजले असतील, आठच्या वर कॅमेरे असतील किंवा एखादा कॅमेरा साठ-सत्तर मीटरवर असेल तर आयपीच घ्या. त्यात एकाच लॅनच्या केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातात, आणि वीज ४८ व्होल्टच्या आसपास जात असल्यानं वर सांगितलेली रात्रीची रड नसते. तुमच्या मापाला खर्च दीडपट होईल आणि दिसेल तेच. आणखी एक: एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीची अट लागली आहे. फार स्वस्तात कोणी आयपी कॅमेरे देत असेल तर ते आधीचा पडून राहिलेला माल आहेत का, हे विचारून घ्या.

यूपीएसविषयी थोडं. तुमची पूर्ण यंत्रणा ५० वॉटच्या आसपास ओढते. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती नवी असताना पाऊण-एक तास नेते. आमच्याकडं वळवाच्या पावसात तीन तास लाइट जाते, तिथं हा पुरत नाही. दुकानात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्यावरच जोडा आणि २,८०० वाचवा. एसएमपीएस आणि डीव्हीआर दोन्ही त्याच्यावर हवेत. फक्त डीव्हीआर यूपीएसवर आणि कॅमेरे थेट लाइटीवर, अशी जोडणी मी स्वतः पाहिली आहे: लाइट गेल्यावर डीव्हीआर इमानेइतबारे सहा काळ्या चौकटी रेकॉर्ड करत होता.

आता दर वर्षीचा खर्च. यात कोणीच न धरणारी रक्कम सगळ्यांत मोठी निघते, ती म्हणजे वीज. ५० वॉट चोवीस तास, ३६५ दिवस: ४३८ युनिट. दुकानाचं मीटर व्यापारी दराचं, सगळे आकार धरून मी युनिटला ११ रुपये लावतो. तुमच्या बिलातली एकूण रक्कम युनिटांनी भागून स्वतःचा दर काढा. ११ नं ४,८०० रुपये होतात. टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवलात तर त्याचे वेगळे, म्हणून तो झाकताना बंद करायची सवय लावा.

दुसरी रक्कम सर्व्हिसच्या कराराची. ती दोन प्रकारची असते. एकात माणूस फक्त येतो, पुसतो, तपासतो, आणि पार्टचे पैसे वेगळे. मी याचे कॅमेऱ्यामागं वर्षाला ५०० घेतो, तुमचे ३,०००, त्यात तीन ठरलेल्या फेऱ्या आणि मध्ये बिघडलं तर येणं. दुसऱ्यात पार्टही त्याचेच, आणि त्याला दुप्पट-अडीचपट मागतात. पहिली दोन वर्षं दुसरा करार घेऊ नका. तेव्हा कॅमेरे आणि डिस्क वॉरंटीतच असतात, म्हणजे जे फुकट मिळणार आहे त्याचेच पैसे देताय. तीन वर्षांनंतर घ्यायचा तर डिस्क आणि यूपीएसची बॅटरी त्यात आहे का ते वाचा. बहुतेक कागदांत नेमक्या या दोनच वस्तू वगळलेल्या असतात, आणि बिघडतात त्याच.

तिसरी रक्कम पार्टसाठी बाजूला टाकायची. डिस्क चार वर्षं धरा, वर्षाला १,८७५. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांनी हजाराची, म्हणून ५००. बाकी कधी एसएमपीएस, कधी पावसात भिजलेला बाहेरचा कॅमेरा, कधी गंजलेल्या पिना, याला हजार. असं सगळं मिळून वर्षाचे ११,१७५ होतात. महिन्याला साधारण ९३० रुपये. पाच वर्षांचे जवळजवळ ५६,०००, म्हणजे बसवायच्या खर्चाहून जास्त. म्हणूनच मी म्हणतो की सुरुवातीला केबलमध्ये १,४०० रुपये वाचवून फायदा नाही. ती भिंतीत एकदाच जाते आणि डीव्हीआर दोनदा बदलला तरी तीच राहते.

सर्व्हिसवाला फेरीत काय करतो, यावर ते ३,००० वसूल होतात की नाही हे ठरतं. नुसतं काचेवर फडकं मारून सही घेऊन जाणारे पुष्कळ. एका मेडिकलवाल्याकडची गोष्ट सांगतो. करार दुसऱ्याचा होता, मला चोरीनंतर बोलावलं. टीव्हीवर आठही चित्रं लख्ख. मागचं काढायला गेलो तर अकरा आठवड्यांत एक मिनिटही रेकॉर्ड झालेलं नव्हतं. डिस्क गेलेली. डीव्हीआरनं तेव्हा शिट्टी मारली असणार, पण शिट्टीचा त्रास होतो म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये ती बंद केली होती. चित्र दिसतंय म्हणजे साठतंय असं नसतं, आणि ते कळायचा मार्ग एकच: दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर प्लेबॅक उघडा, वीस दिवसांपूर्वीची दुपार काढा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं अर्धं मिनिट चालवून बघा. डीव्हीआरच्या मेनूत डिस्कसमोर `Normal` लिहिलेलं असावं. `Error` किंवा `Uninitialized` असलं तर लगेच फोन. शिट्टी कधीही बंद करू देऊ नका.

त्याच वेळी स्क्रीनवरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. डीव्हीआरच्या आत घड्याळाचा छोटा गोल सेल असतो, तो संपला की लाइट गेल्यावर तारीख मागं पळते. सेल पन्नास रुपयांच्या आत येतो. पण चोरीच्या रात्रीचं रेकॉर्डिंग तीन वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर पोलिसांना आणि पुढं कोर्टात ते समजावताना तुमची दमछाक होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात मशीन नीट चालू होतं असं लिहून सही करायची असते. घड्याळ चुकलेलं असताना ती सही करणं जड जातं.

साफसफाई तुमची तुम्हीच करा. भुसारात मिरचीची, पिठाची धूळ भयंकर, महिन्यात काचेवर थर बसतो. मऊ कोरडं फडकं पुरे, कॉलिन मारू नका. आणि खंडेनवमीला डीव्हीआरला हळदकुंकू जरूर वाहा, पण हार बाजूच्या जाळीवर घालू नका. मागच्या साली एका ठिकाणी झेंडूच्या पाकळ्या पंख्यात जाऊन डीव्हीआर तापला होता, दिवाळीच्या ऐन गर्दीत बंद पडला.

शेवटची अट करारावर आणि बिलावर दोन्हीकडं लिहून घ्या: डीव्हीआरचा मुख्य पासवर्ड आणि मोबाइल अ‍ॅपचं खातं तुमच्या नंबरवर आणि तुमच्या हातात राहील. फिटिंगवाले सोयीसाठी ते स्वतःच्या नंबरवर उघडतात. मग करार बदलायचा म्हटलं की ते फोन उचलत नाहीत, आणि नवीन माणसाला डीव्हीआर रीसेट करून घ्यायला कंपनीकडं बिल दाखवत फिरावं लागतं. मी काम संपल्यावर दुकानदारालाच पासवर्ड टाइप करायला लावतो आणि तेव्हा तोंड फिरवून उभा राहतो.

दोन्ही कोटेशनांचे फोटो आणि दुकानाचा हातानं काढलेला नकाशा टाकलात, तर केबलची बेरीज माझ्या १२० मीटरशी जुळते का ते बघून सांगतो. नकाशात विजेचा मुख्य बोर्ड कुठं आहे तेवढं दाखवा. तो पोटमाळ्याच्या विरुद्ध टोकाला असेल तर डीव्हीआरच्या पेटीपर्यंत वेगळी पॉवर लाइन ओढायला आणखी हजार-बाराशे लागतील, ते मी वर धरलेले नाहीत.